पंधराव्या रेषेवरची पोरगी

दर्यापूरच्या माझ्या दवाखान्यात एका बापानं तीन वर्षांच्या पोरीचा वाढीचा तक्ता टेबलावर आपटला. "वजनाले शंभरात पंधरा, उंचीले शंभरात पंधरा! पोरगी नापास झाली, डॉक्टरीणबाई. हिचं दूधच पातळ होतं." शेजारी त्याची बायको मान खाली घालून बसली होती.

माझं डोकंच सणकलं. पोरगी हसतीखेळती, दोन वर्षं तक्त्यावरच्या त्याच पंधराव्या रेषेला धरून वाढलेली.

"हे मार्क नाहीत. तिच्या वयाच्या शंभर पोरी उंचीनं उभ्या केल्या, तर साधारण पंधरा तिच्याहून ठेंगण्या, बाकीच्या उंच. वजनाचंही तसंच. तुमी शाळेत प्रार्थनेले उंचीच्या रांगेत कुठं उभे राहत होते?"

"सगळ्यात पुढं."

"मंग तुमच्या मायचं दूध पातळ होतं काय?"

बायकोनं मान वर केली.