न उघडलेली अत्तराची बाटली

अंजनाच्या हातात ती बाटली आली तेव्हा लढाई अजून चालू होती. आष्ट्याजवळच्या त्या वाडीतल्या घरोघरची एक-दोन पोरं पलटणीत होती. तिचे धनी हंबीरराव इटलीत होते. रजेवर आलेल्या शेजारच्या जवानाबरोबर त्यांनी बाटली धाडली होती. काच पांढरी, आरपार दिसणारी, आत मधासारखं अत्तर, काचेचंच बूच आणि बुचाला गुंडाळलेला रेशमी दोरा. वर निरोप होता, "उघडू नको म्हणावं. मी आलो की माझ्या हातानं लावीन."

आता ही ठेवायची कशी? आष्ट्याच्या बाजारात गुंडा अत्तरवाला बसायचा. सांगलीला नाटकमंडळींच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावण्यात त्याची हयात गेलेली. बोलपट आले, मंडळ्या बसल्या, आणि बाजाराच्या धुळीत त्यानं आपली पेटी मांडली. अंजनानं भाजीच्या पाटीत लपवून आणलेली बाटली त्यानं दोन्ही हातांत घेतली, राजाचा मुकुट घ्यावा तशी.

"वैनी, अत्तराला चार वैरी," तो म्हणाला. "ऊन, धग, वाफ आणि वारा. अंधारात ठेवा, गारव्याला ठेवा. आणि बुचाला हात लावू नगा."

अंजनानं बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत पुरली. पुढं एकदा कणगी उपसताना ती सासूच्या, साळूबाईच्या, हाताला लागली.

"माझं लेकरू तकडं गोळ्या झेलतंय आणि हिकडं घरात अत्तर? गावानं वास घेतला तर काय म्हंतील?"

"आवं आत्या, त्यांनीच धाडलंय. उघडलं बी न्हाई."

"न्हाणीतली चीज न्हाणीतच ऱ्हाऊ दे. दाण्यात नगं."

आणि बाटली गेली परसातल्या न्हाणीच्या कोनाड्यात. खाली चुल्हाण, त्यावर रोज उकळणारा तांब्याचा हंडा. पत्र्याच्या फटीतून तिसऱ्या प्रहरी ऊन नेमकं काचेवर पडायचं. अंजनानं दोनदा बाटली परत कणगीत नेली, दोनदा साळूबाईनं ती उचलून कोनाड्यात ठेवली. तिसऱ्यांदा अंजनाचं धाडस झालं नाही. पहिल्या पावसाळ्यातच बुचाचा दोरा वाफेनं कुजून गळून पडला.

लढाई संपली. हंबीरराव आले. आंघोळीला गेले ते बाटली घेऊनच बाहेर आले. आतलं अत्तर चहाच्या रंगाचं झालेलं आणि दोन बोटं खाली गेलेलं. त्यांनी बूच काढलं, हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"दोरा कुणी तोडला?"

"तोडला न्हाई, कुजला."

"आन अत्तर? त्ये बी कुजलं? मी न्हवतो तवा कुणासाठी लावत हुतीस?"

अंजनानं सासूकडं पाहिलं. साळूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. एक शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं.

"आष्ट्याला चला," अंजना म्हणाली. "अत्तरवाला सांगंल खरं काय त्ये."

बाजाराच्या दिवशी दोघं गेली. गुंडानं बाटली उजेडात धरली, हुंगली आणि त्याचा चेहरा पडला.

"चुलीजवळ हुती न्हवं? धगीनं आतली हवा फुगती, बूच सैल पडतं. गार झालं की भाईरची हवा आत शिरती. रोजचंच झालं मग. स्पिरिट उडून जातं म्हणून अत्तर खाली जातं, आन जे ऱ्हातं त्ये हवेनं आंबतं. उन्हानं रंग काळवंडला. ही बाटलीवरची नावाची चिठ्ठी बगा, वाफेनं सुटलीया. ह्यात लावणाऱ्याचा काय दोष न्हाई, सायेब. ठेवणाऱ्याचा हाय."

अंजनाचा श्वास मोकळा झाला. हंबीररावांचा मिशी पिळणारा हातसुद्धा खाली आला. तेवढ्यात गुंडा तिच्याकडं वळून हळहळला, "वैनी, मी तुमाला तवाच सांगितलं हुतं की वो, अंधारात ठेवा म्हणून!"

हंबीररावांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. बाटली उचलली आणि गाडीकडं निघाले.

गाडीत बसल्यावर, बैल ओढ्याला लागल्यावर, ते म्हणाले, "वळख जुनी हाय म्हणायची तुमची. काय बोलायचं त्ये आदीच ठरलं आसंल."

"आवं, ठेवायची कशी त्ये इचारायला गेल्ते मी. तुमचीच बाटली जपायला!"

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि बैलांना हाकलं.

पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. संसार झाला, तीन लेकरं झाली, साळूबाई मनातलं मनातच ठेवून गेली. लग्नाकार्यात अत्तरदाणी फिरली की अंजना मनगट पदराखाली घ्यायची, कारण समोरच्या माणसांतून हंबीरराव बघत असायचे.

बाटली तिनं टाकली नाही. बुचाभोवती मेण ओतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि कणगीच्या तळाशी, अंधारात, गारव्याला ठेवली, अगदी गुंडानं सांगितलं होतं तशी. आता ती तिथून हलवायला कुणी येत नव्हतं.