बस्त्यावला धाडलेली कार्डं

नाताळाच्या आठ दिवस आधी वखारीतला पोऱ्या धावत शाळेत आला आणि म्हणाला, “मास्तर, इनासवर ओंडका पडला.” मी पोचलो तेव्हा ओंडका बाजूला केला होता. छातीचं जे झालं होतं ते मी बघायला नको होतं... पण बघितलं. उमेळ्यात अकरा वर्षं माझ्या वाडीतल्या खोपीत राहिलेला हा माणूस मला सख्ख्या भावासारखा होता, आणि त्याच्या मरणाचा मला अजून राग येतो.

इनास मूळचा पाचूबंदरचा. बाप बस्त्याव होडीचा मालक, हाताने भयंकर. जाळं फाटलं म्हणून त्याने पोराला वल्ह्याने झोडपलं, तेव्हा डावा कोपर मोडला तो वाकडाच बसला. बायकोला तो ओल्या दोराने मारी. एका संध्याकाळी तिचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा एकोणीस वर्षांच्या इनासने कोयता उचलला. बापाच्या खांद्याचं मांस लोंबलं, दोन बोटं गेली. “दारात परत दिसलास तर डोका फोडीन,” असं रक्तबंबाळ बाप ओरडत राहिला. पुढच्या वर्षी आई गेली. इनासला कोणी कळवलं नाही, तिच्यावर मूठभर माती टाकायलाही मिळाली नाही. तो हे सांगायचा तेव्हा हातातल्या करवतीवर मूठ पांढरी पडेपर्यंत आवळायचा.

घर सोडून उमेळ्यात आल्यावर सात वर्षांनी, एका जानेवारीत, तो कोरं पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आला. त्यांच्यात वाढदिवस कोण लक्षात ठेवतो! पण बस्त्याव ज्या संताच्या सणाला जन्मला त्याचंच नाव त्याला ठेवलेलं, त्यामुळे दिवस चुकण्यासारखा नव्हता. इनासला जेमतेम सही येई. लिहायला मी. मी पडलो मास्तर, झोकात मजकूर वाचून दाखवला : झालं गेलं विसरून जा, क्षमा करा, मला घरी यायची परवानगी द्या. इनासने माझ्या हातातला कागद ओढून टराटरा फाडला.

“क्षमा मी मागितली का त्याना पन मागाय लागंल. तो मागनार नाय. मंग परत कोयता.”

मी म्हटलं, निदान पाकिटात घाल. तेही त्याला नको होतं. बस्त्यावला वाचता येत नव्हतं. पोस्टमन किनाऱ्यावर सगळ्यांदेखत कार्ड वाचून दाखवी. पाकीट आलं तर म्हातारा संशयाने चुलीत घालील, आणि कार्डात आईचं किंवा माराचं अक्षर असलं तर चारचौघांत त्याची मान खाली जाईल, मग तो पेटेलच. म्हणून लोकांनी ऐकलं तरी चालेल असं आणि खरं तेवढंच लिहायचं. ‘तुमची आठवण येते’ मी घातलं, ते त्याने काढायला लावलं. रोज येत नव्हती. शेवटी राहिलं ते एवढं :

“बाबांस, आज तुमचा वाढदिवस. देव तुम्हाला आयुष्य देवो. जाळ्याची गाठ तुम्ही शिकवलीत, ती मी अजून तशीच मारतो. मी उमेळ्यात मास्तरांच्या वाडीत असतो, लाकडं कापतो, बरा आहे. उत्तर पाठवायलाच पाहिजे असं नाही. इनास.”

पोस्टमनने ते वाचलं आणि बस्त्यावने त्याच्या कानफटात मारली, मासळीच्या टोपल्या लाथेने उडवल्या, कार्ड फाडून चिखलात तुडवलं. हे कानावर आलं तेव्हा मी इनासला म्हटलं, आता पुरे. तो म्हणाला, “मी बोलावला नाय, तो आला नाय. मंग बिघडला काय?” पुढल्या जानेवारीत पुन्हा कार्ड. म्हाताऱ्याने तेही फाडलं, पण आधी पूर्ण ऐकून घेतलं म्हणे. तिसरं त्याने कमरेला खोचलं.

त्या उन्हाळ्यात म्हातारा स्वतः माझ्या कुंपणाशी येऊन उभा राहिला, हातात वल्हं. इनासने कुऱ्हाड उचलली. मी मध्ये जायला हवं होतं, पण माझे पाय हलले नाहीत, ही लाज मी लपवत नाही. मग म्हातारा वल्हं टेकून खाली बसला.

“गाठ दाखव.”

इनासने कुऱ्हाड पायाशी ठेवून दोर घेतला. म्हाताऱ्याने गाठ ओढून बघितली, “ढिली हाय” म्हणाला, उरलेल्या तीन बोटांनी घट्ट केली आणि चालू लागला. पुन्हा तो कधी आला नाही, इनासही पाचूबंदरला गेला नाही. कार्ड मात्र दरवर्षी जाई.

इनासच्या मातीच्या दिवशी बस्त्यावने वखारीत जाऊन तो ओंडका वल्ह्याने बडवला, वल्हं मोडेपर्यंत. चौघांनी धरलं तरी आवरेना. मला वाटलं, आता हा माणूस संपला.

परवा त्याचा वाढदिवस होता. दुपारी तो माझ्या पायरीवर येऊन बसला. पाचूबंदरहून चालत आला होता.

“पोस्टमन सायकल मारीत फुडं गेला,” तो म्हणाला. “माज्याकडं बघितला पन नाय. पोर मेला ता मना ठावं हाय, मास्तर. तरी मी उभा रेलो.”

त्याने सदऱ्यातून कोरं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

“लिवा. तुजी कारडा पोचली. पयली दोन मी फाडली, पन पोचली.”

मी लिहिलं. मग त्याने पत्ता विचारला, म्हणाला पत्त्याबगर पोस्टमन घेनार नाय. मी माझ्या वाडीचाच पत्ता घातला, आणि वर नाव इनासचं.