जावेच्या बोअरचं पाणी आणि माझं रजिस्टर पत्र

माझा बोअर आटला त्याचं दुःख नव्हतंच मला. त्या उन्हाळ्यात चौसाळ्यात सगळ्यांचेच आटले. माझ्या पोटात दुखत होतं ते धाकट्या जावेचा चालू होता म्हणून. वाटणीत दोघींना शेजारी-शेजारी गाळे आले, मधे एक भिंत. माझा भाड्यानं गेला, तिचा रिकामाच राहिला. तेवढ्यावर मी दीड वर्ष लई तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू?

भाडेकरू म्हणजे दूधसंस्था. सचिव सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचा, आणि कॅन धुवायला त्याला पाणी लागायचं. बोअर गेला तशी त्याची चिठ्ठी आली: पाण्याअभावी महिन्याभरात गाळा सोडत आहोत. आमचे मालक वारल्यापासून माझं घर त्या भाड्यावर चालायचं.

बोलावून विचारावं, असं मनात आलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी काय बघते, तर सचिव आणि जाऊ मधल्या भिंतीजवळ उभे, हातात टेप. हा इकडून मोजतोय, ती तिकडून सांगतीय. माझं टाळकंच सरकलं. अगं बया! माझा भाडेकरू माझ्या डोळ्यांदेखत पळवतीस?

तशीच एसटीनं बीडला गेले, वकिलाकडं. त्यांनी करार वाचला. तीन वर्षांचा, त्यात पहिली दोन वर्षं लॉक-इन. "या दोन वर्षांत तुम्ही त्यांना काढू शकत नाही आणि ते जाऊ शकत नाहीत. गेले, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं दंड म्हणून द्यायचं," ते म्हणाले. "पण बाई, दुष्काळ आहे. आधी बोलून बघा. त्यांना थांबवायचं असेल, तर पत्र कशाला?"

"बोलायचं कायबी न्हाई," मी म्हणाले. "लिवा तुमी."

लिहिलं त्यांनी, अगदी मुद्देसूद.

"आपली गाळा सोडण्याची एक महिन्याची नोटीस मिळाली व मान्य आहे. नोटिशीच्या महिन्याचं भाडं नेहमीप्रमाणे द्यावं. त्यानंतर लॉक-इनचे चार महिने उरतात. करारानुसार त्या चार महिन्यांचं भाडं दंड म्हणून अनामत रकमेतून कापलं जाईल. गाळा साफ करून, वीजबिल भरून किल्ली दिल्यावर उरलेली अनामत परत मिळेल."

चार महिने कापले जाणार हे ऐकून असं गार वाटलं म्हणून सांगू! सही ठोकली आणि तिथूनच रजिस्टर केलं, पोचपावतीसकट. माझ्या घरापासून वीस पावलांवरच्या माणसाला बीडहून रजिस्टर! पोस्टमन त्याच्या हातात ते देताना मी दारातून बघत होते.

पुढच्या आठवड्यात सचिव आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मावशी, कावून असं केलंत? एक डाव इचारायचं तरी."

"काय इचारायचं? मोजमाप बघितलं की मी."

"ते पाइपाचं माप होतं. तुमच्या जाऊबाईच मला म्हणल्या, आमच्या बोअरचं पाणी भिंतीतून तिकडं देते, बाईचं भाडं बुडवू नका. मी चिठ्ठी मागं घ्यायच्या तयारीत होतो, आन् तुमचं रजिस्टर आलं. संचालकांनी बैठकीत वाचलं, म्हणाले दंड भरा, पण असल्या मालकिणीकडं राहू नका." मग आवाज खाली केला त्यानं. "आजून येळ हाय. पत्र मागं घेतलं म्हणून दोन ओळी लिवून द्या, मी ठराव फिरवून घेतो. पाइप उद्या टाकू."

दोन ओळी. एवढंच होतं. पण मला दिसला तो पाइप. तिच्या भिंतीतून माझ्या गाळ्यात आलेला, आणि ती रोज सकाळी कॉक फिरवतीय. तिनं फिरवला तर माझी चूल पेटणार. छे! अंगाची लाहीलाही झाली माझ्या.

"पत्रात लिवलंय तसंच करा," मी म्हणाले.

महिना भरला तशी त्यानं किल्ली आणून दिली. चार महिने कापून बाकीची अनामत मी दिली, पावती घेतली. सगळं नियमानं. आणि दूधसंस्था गेली ती जावेच्याच गाळ्यात. दुसरीकडं पाणी होतं कुठं?

कापलेलं भाडं सरलं तोवर पाऊस नव्हता, नवा भाडेकरूही नव्हता. एकदा टँकर चार दिवस आलाच नाही. शेवटी घागर घेऊन मी तिच्या दारात गेले. बायांची ही रांग. वाटलं, आता सगळ्यांसमोर ऐकवील. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

तिनं बायांना बाजूला सारलं, माझ्या हातातली घागर घेऊन नळाखाली धरली आणि म्हणाली, "जाऊबाई, तुमी रांगेत कशाला थांबायचं? घरचंच हाय की."