मालकाची जाळी

त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला सगळे तिबोट्याच म्हणत. खिडकीजवळच्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच ध्यास होता: या राक्षसाला मुसकं घालायचं.

घरच्या पडवीत, स्वतःच्या लोखंडाची त्याने जाळी घडवली. प्रेसचा ठोकळा सुटायच्या आधी जाळी खाली यायची. आत हात असला की तिथेच अडायची, आणि मग घाव सुटतच नसे. पण प्रेसवाल्यांची एक रीत आहे. ज्या यंत्राने चावा घेतला, त्याच्यावर पारखल्याशिवाय ते कशावरच विश्वास टाकत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्याने जाळी त्याच प्रेसला लावली आणि आत काठी धरली. ठोकळा वरच राहिला. त्याच प्रेसवर काम करणारा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता माझे हात मला म्हातारपणी पुरतील."

शेजारचा कारखानदार जाळी विकत घ्यायला आला. हे कानावर जाताच मालकाने करार दाखवला: नोकरीत असताना धंद्याशी संबंधित जो काही शोध लागेल, तो कंपनीचा. खाली तिबोट्याची सही होती, पाच बोटं असतानाची.

तिबोट्याने गाठलेल्या वकिलाने हात टेकले. जाळी घरी केलीस हे खरं, पण शोध याच धंद्यातला, आणि पारखलीस त्यांच्याच यंत्रावर. शोध लावणारा म्हणून तुझं नाव राहील, मालकी त्यांची.

मालकाने जाळी कपाटात कोंडली. शेजाऱ्याला द्यायची नाही, आणि स्वतः लावायची तर काम मंदावतं.

पावसाळा सरता सरता ठोकळा धाकट्याच्या मनगटावर आला. हाडं ओल्या काटक्यांसारखी मोडली. रक्त पत्र्यावरून वाहत तिबोट्याच्या चपलेपर्यंत आलं.

भावाला गाडीत घालून तो परतला आणि घण उचलून त्याने कपाटाचं दार फोडलं. फोरमनने पाना हाणला, भुवई फाटली. तिबोट्याने घणाचा दांडा त्याच्या बरगड्यांत घातला. फोरमन खाली बसला, पुन्हा उठला, पुन्हा मारत राहिला. एका डोळ्यात रक्त, हातात जाळी घेऊन तिबोट्या त्याच प्रेसपाशी गेला आणि जाळीचे बोल्ट आवळू लागला. पाठीवर पाना पडत होता. तो वळलाही नाही.

मालक धावत आला. चोरी म्हणून पोलिसांना बोलावतो म्हणाला.

"बोलवा," तिबोट्या तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला. "जाळी मालकाची, यंत्र मालकाचं. मी बाहेर काय नेलं?"

फोरमनचा पाना हवेतच थांबला. भिंतीपाशी उभ्या कामगारांतली एक बाई पुढे आली. तिने खाली पडलेला शेवटचा बोल्ट उचलला आणि तिबोट्याच्या तीन बोटांत ठेवला.