मास्तरांचा क्लॅरिनेट

अकोल्याच्या जुन्या शहरातले कुंदन मास्तर बँडचे मालक. स्वतः काही वाजवत नसत. वरातीपुढे काठी फिरवत आणि अक्कल पाजळत. क्लॅरिनेटवाला ऐन लग्नसराईत दुसऱ्या बँडात पळाला, तेव्हा कुणीतरी एका वाजवणाऱ्याचा फोटो मोबाईलवर धाडला.

"बासरी आडवी धरतेत. हे उभं हाय, काळं हाय. म्हणजे क्लॅरिनेट!" मास्तरांनी निकाल दिला.

बायकोनं, इंदूबाईनं, फोटो मोठा केला. "क्लॅरिनेटवर चाव्यांचं जंजाळ असते, खाली कर्ण्यासारखं तोंड असते. याले नुसते भोकं हायेत. अन् ओठाखाली ही चौकोनी फट पाहा. आपली पायल शाळेत वाजवते ना, ते रेकॉर्डर, शिट्टीवानी उभी बासरी, हाय हे."

"तू मले बँड शिकवून राहिली का?"

मास्तरांनी त्या माणसाला नांदगाव खंडेश्वरच्या वरातीला बोलावलं. काय वाजवता, हे विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

वरातीत ढोल-ताशे सुरू झाले आणि त्या बिचाऱ्याचे सूर शेजारच्या घोडीलाही ऐकू जाईनात. नवरीचा बाप तणतणत आला, "क्लॅरिनेट कुठं हाय तुमचा?"

"भारीतला हाय, पाहुणे. ज्याले कान असते, त्यालेच ऐकू येते."

बापानं झटकन मान डोलावली. मग व्याह्यांनी. मग सगळ्या वऱ्हाडानं "वा! वा!" केलं.

वाजवणारा तेव्हा केव्हाचाच मांडवात बसून जिलबी खात होता.