सोमवारचा माणूस

"आज सोमवार हाये. राहू दे," असं ती म्हणायची आणि मातीची चाळणी पुढे ओढायची.

अमरावतीतल्या एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत आम्ही दोघं कामाला होतो. ती भातकुलीकडच्या शेतकरी घरची. मी अकोल्याचा, वकिलाच्या घरातला. जात वेगळी. आमचं जमलं होतं आणि ते मी घरी एकदाच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "त्या मुलीचं नाव या घरात नको." आईनं दोन दिवस जेवण सोडलं. त्यानंतर मी ते नाव घरात काढलं नाही.

शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, अकोल्याला जायचं, सोमवारी सकाळी परतायचं, असा माझा क्रम होता. अकोल्यात असताना तिचे फोन मी उचलत नसे. सोमवारी मी तिच्याशी तुटक बोलायचो. मंगळवारी "थोडं थांबू" म्हणायचो. बुधवारी संध्याकाळी दोघांचा चहा व्हायचा आणि गुरुवारी मी आमच्या होणाऱ्या घराला खिडक्या किती, इथवर जायचो. शुक्रवारी पुन्हा घड्याळाकडे लक्ष.

सुरुवातीला ती घाबरून विचारायची, "माह्यं काही चुकलं का?" पुढे विचारणं बंद झालं. तिनं वारच पाठ केले. तुम्ही म्हणाल, किती समजूतदार. मीही हेच म्हणायचो, आणि त्याची आज लाज वाटते. तिला सगळं कळत होतं, म्हणून मला काही करावं लागत नव्हतं.

शेतकरी मातीचा नमुना घेऊन आला की ती पहिलं विचारायची, "कुठून घेतला?" कोणी खताच्या ढिगाजवळची माती आणली की परत पाठवायची. "तिथली माती चांगलीच दिसन, भाऊ. साऱ्या वावरातून आठ-दहा जागची घ्या." एकदा असा एक जण गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुहा गुरुवार तसाच हाये. मले रविवारचा नमुना पाहिजे."

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या घरीही स्थळं येत होती, दोन तिनं परतवली होती. "लग्न लाव म्हणत नाही मी," ती म्हणाली. "एका रविवारी घरी फक्त माह्यं नाव घे. मग ते काय बोलायचं ते बोलू दे." मी हो म्हणालो. गुरुवार होता.

आई दर सोमवारी माझ्यासोबत स्टीलचा डबा द्यायची. प्रयोगशाळेत त्यातलं निम्मं ती खायची आणि शुक्रवारी डबा घासून आणायची. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात काहीतरी घालायची. कधी गुळाचा खडा, कधी घरची तूरडाळ, हिवाळ्यात तुरीचे सोले, ओले हिरवे दाणे. आई विचारायची, "हे कोण देतं रे?" मी सांगायचो, "मेसवाल्या काकू." सोल्यांची भाजी बाबांना फार आवडायची. "बाई मनानं चांगली दिसते," असं म्हणून ते आणखी वाढून घ्यायचे. मी मान खाली घालून जेवायचो.

मग एका सोमवारी मी चक्क गप्पा मारत आलो. तिच्यासाठी गजरा आणला होता. तिनं चाळणी बाजूला ठेवली.

"काय कबूल करून आला?"

"कुठे काय?"

"सोमवार असून गोड बोलून राहिला तू."

मग मी सांगितलं. येत्या रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. "फक्त बघायला," मी म्हणालो. "घरचे जरा शांत होतील."

तिनं हातावरची माती झाडली. "तू सोमवारी गप्प राहायचा तं मले वाटे, घरी माह्यासाठी भांडून आला. मनातल्या मनात दया ये तुही," ती म्हणाली. "भांडला कधी?"

मी गजऱ्याचा पुडा तिच्यापुढे सरकवला. ते तिला पुरलं. गजरा तिनं खिडकीत ठेवला, माळला नाही.

तो आठवडा ती नेहमीसारखी वागली. रडली नाही, टोमणा मारला नाही. शुक्रवारी डबा घासून माझ्या टेबलावर ठेवला आणि हिशोबनिसाला सांगून गेली. सोमवारी त्याच्याकडून कळलं, तिनं धामणगावला दुसरी नोकरी धरली होती. मी तिकडे कधी गेलो नाही. नंतर माझं साक्षगंध झालं, लग्न झालं. आता मी अकोल्यातच असतो.

पण मला तो शनिवार सांगायचा आहे. दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं म्हणून घरात सगळे खुशीत होते. बाबा पाटावर बसले होते. आईनं डबा घेतला, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि बोट फिरवून पाहिलं.

"अरे, आज रिकामाच? काकू रागावल्या का तुझ्यावर?"

तिचं नाव ओठांवर आलं होतं. बाबा माझ्याकडेच बघत होते.

मी म्हणालो, "मेस बदलली, आई."