छेद गाळणारा मास्तर

मी तीस वर्षं बारावीला गणित शिकवलं आणि त्या तीस वर्षांत फळ्यावर एकदाही चुकलो नाही, असं मी स्वतःच लोकांना सांगत आलो आहे. दुसरं कोणी सांगितलं नाही, हेही खरं. सेलूच्या बस स्टँडवर आजही एखादा टक्कल पडलेला माजी विद्यार्थी वाकून नमस्कार करतो, आणि माझी मान सवयीनं ताठ होते. रिटायर झालो तरी ताठपणा रिटायर होत नाही. घरच्यांना त्याचा त्रास आहे, मला नाही.

माझी मुलगी माझ्याच विषयात एमएस्सी झाली, पुढच्या परीक्षाही पास झाली आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा तासिका तत्त्वावरची, पण जागा एकच आणि उमेदवार नऊ. त्याआधीची दोन वर्षं तिनं चार कॉलेजांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. या वेळी जमलं नाही तर हा नाद सोडते आणि शिकवणी वर्ग उघडते, असं ती शांतपणे म्हणाली होती. तिचा तो शांतपणा मला अजिबात सहन होत नव्हता. मुलाखतीआधी प्रत्येकानं खऱ्या विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. तिच्या वाट्याला विषय आला वक्रता, म्हणजे एखादी रेषा एखाद्या बिंदूपाशी किती वाकलेली आहे ते मोजणं.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती घरात तालीम करत होती. ओसरीच्या भिंतीवर माझा जुना फळा आहे. सौ. उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती, मी खुर्चीवर परीक्षकासारखा बसलो होतो. मुलीनं सूत्र लिहिलं. वर अंशात दुसरा डेरिव्हेटिव्ह. खाली छेदात, एक अधिक पहिल्या डेरिव्हेटिव्हचा वर्ग, आणि त्या सगळ्यावर तीन छेद दोनचा घात, म्हणजे दीड.

ते बेढब छेदाचं लफडं पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला.

"हे पाहून पोरं पळून जातीन," मी म्हणालो. "सरळ सांग ना. पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे चढ. दुसरा म्हणजे चढ किती झपाट्यानं बदलून राह्यला ते. दुसरा मोठा, तर वाक मोठा. झालं!"

"तसं नाई ना बाबा. जिथं चढ शून्य आहे तिथं ते चालते. छेदात एकच उरतो."

"मंग सगळीकडंच चालते. ई रेस टू एक्सची रेषा घे. त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह पण ई रेस टू एक्सच. उजवीकडं गेली का वाढतच जाते. म्हणजे वाकही वाढतच जाते. पोरायले असं एक उदाहरण दे, पक्कं डोक्यात बसते."

तिनं खडूनं छेदाखाली एक रेघ ओढली. "मले नाई वाटत बाबा."

आता इथं एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी उठून उभा राहिलो. "तीस वर्सं शिकोलं म्या! तुले वाटत नाई म्हणजे काय? गणितात वाटत नसते, गणितात असते!"

"तुमचा आवाज चढला का समजावं," सौ. मेथीतून मान वर न काढता म्हणाली, "तुम्हालेच खात्री नाई."

मुलीनं फळा पुसला आणि आत गेली. मी तिचं मौन म्हणजे होकार समजलो. बापांना ही सवय असते. रात्री मस्त झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मीच तिला मोटरसायकलवर घेऊन निघालो. पवनारचा पूल जाईस्तोवर मी मागं न बघता दोनदा बजावलं, "ते उदाहरण विसरू नोको." तिनं फक्त "हं" केलं. मला वाटलं, मनात उजळणी करत असेल.

कॉलेजात उमेदवारांच्या सोबत आलेल्यांना बाहेर बसायला सांगितलं होतं. मी बाहेर बसणारा माणूस नाही. व्हरांड्यात वर्गाची एक खिडकी उघडी होती, तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. शिपायानं हटकलं, तर मी त्याला म्हणालो, "सर आहो मी." त्यानं काय समजायचं ते समजून मला एक स्टूल आणून दिलं.

आत बीएस्सीची तीसेक मुलंमुली होती. पहिल्या बाकावर प्राचार्य, विभागप्रमुख बाई आणि नागपूरहून आलेले विषयतज्ज्ञ. हे तज्ज्ञ किडकिडीत आणि चेहऱ्यावर काहीच न दाखवणारे. असे परीक्षक मी ओळखतो, मी स्वतः तसा होतो.

मुलीनं सुरुवातच मोटरसायकलवरून केली. "गाडी चालवताना रस्ता किती वळतोय, हे आपल्याला कशावरून कळतं? हँडल किती वळवावं लागतं, त्यावरून. रस्ता सरळ असेल, मग तो कितीही चढा असो, हँडल सरळच राहतं. फळ्यावरच्या रेषेचंही तसंच. एवढं अंतर चाललो, तेवढ्यात तोंडाची दिशा किती फिरली, तेवढी वक्रता." मुलं हसत हसत वहीत लिहू लागली. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला, कारण हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. मग तिनं सूत्र लिहिलं, त्या छेदासकट. माझा सल्ला तिनं सरळ बाजूला ठेवला होता.

सूत्र लिहून होतं न होतं, तोच तज्ज्ञांनी हात वर केला.

"मॅडम, एक शंका. ई रेस टू एक्सचा दुसरा डेरिव्हेटिव्ह उजवीकडे वाढतच जातो. म्हणजे वक्रताही वाढतच जाणार. बरोबर?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझंच उदाहरण! नागपूरच्या माणसाच्या तोंडी माझंच उदाहरण! मी खिडकीतून तिच्याकडं पाहत जोरजोरानं मान हलवायला लागलो. हो म्हण, हो म्हण. तिनं मला पाहिलं. नीट पाहिलं. त्या क्षणी ती काय करणार, याची मला जराही शंका नव्हती.

"नाही सर," ती म्हणाली.

मी मान हलवणं थांबवलं.

"शून्यापाशी बघू या. तिथं चढ एक आणि दुसरा डेरिव्हेटिव्हही एक. छेदात दोनचा दीड घात, साधारण दोन पूर्णांक आठ. वक्रता आली शून्य पूर्णांक पस्तीसच्या आसपास. आता एक्स दोन घेऊ. चढ आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह, दोन्ही साधारण सात पूर्णांक चार. अंश सातपटीहून जास्त वाढला, खरं आहे. पण छेद बघा. चढाचा वर्ग अधिक एक, साधारण साडेपंचावन्न. त्याचा दीड घात चारशेच्या वर जातो. वक्रता उरली शून्य पूर्णांक शून्य एक आठ. म्हणजे जवळपास वीसपट कमी. रेषा उभी चढतेय, पण वळायची थांबलीय. हँडल सरळ झालं."

"मग सर्वांत जास्त कुठे?"

"शून्याच्या किंचित डावीकडे सर. जिथं चढाचा वर्ग अर्धा आहे तिथं."

तज्ज्ञांनी मान डोलावली. खिडकीबाहेर मी मनातल्या मनात छेद मांडला, पुन्हा मांडला. तिचं बरोबर होतं. बारावीला वक्रता नसते. तिथं दुसरा डेरिव्हेटिव्ह पाहून महत्तम-लघुतम, म्हणजे रेषेचे उंचवटे आणि खळगे, ठरवतात, आणि ते नेमकं चढ शून्य असतो तिथंच. तीस वर्षं मी तेवढीच एक जागा पाहिली होती आणि तिला सगळी रेषा समजून बसलो होतो.

"बरेच जण इथे छेद गाळतात," तज्ज्ञ म्हणाले. "तुम्हाला ही चूक कशी माहीत?"

ती म्हणाली, "काल माझीच झाली होती सर. तयारी करताना मीही असंच धरून चालले होते."

नऊ उमेदवार, एक जागा, आणि ही पोरगी तीन परीक्षकांसमोर सांगते की काल संध्याकाळपर्यंत तिला हे येत नव्हतं. विभागप्रमुख बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्या हातून जे होतं ते विचार करून होत नाही. मी दार ढकलून आत गेलो.

"खोटं बोलून राह्यली ते," मी म्हणालो. आवाज नेहमीसारखाच चढलेला. "चूक माही होती. ते तर कालच नाई म्हणत होती, म्याच ओरडून गप्प केलं तिले."

मुलीनं डोळे मिटून घेतले. प्राचार्य अर्धवट उठले. "आपण कोण?"

"बाप आहो तिचा. तीस वर्सं बारावीले गणित शिकोलं."

तज्ज्ञांच्या त्या कोऱ्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मग बसा ना सर. शेवटच्या बाकावर जागा आहे. वर्ग संपायला अजून पाच मिनिटं आहेत."

मी बसलो. शेजारच्या मुलानं सरकून जागा दिली आणि मी न मागता वहीचं एक पान फाडून दिलं. एवढं झाल्यावर मी शांत बसावं ना? पण मला खरोखरच एक गोष्ट कळली नव्हती, आणि गणितात न कळलेलं मला पोटात ठेवता येत नाही. मी हात वर केला.

"तो घात दीडच काऊन? दोन काऊन नाई?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. बापाकडं पाहतात तसं नाही, शेवटच्या बाकावरच्या पोराकडं पाहतात तसं.

"चांगला प्रश्न आहे," ती म्हणाली. "चढ म्हणजे कोन नव्हे, कोनाचा टॅन्जन्ट. चढातल्या बदलावरून कोनातला बदल काढताना, एक अधिक चढाचा वर्ग, यानं एकदा भागावं लागतं. तो झाला एक घात. पण हा बदल आडव्या अंतरामागचा. आपल्याला हवा आहे रस्त्यावर चाललेल्या अंतरामागचा. रस्ता तिरपा असेल तर चालणं जास्त होतं, त्याच राशीच्या वर्गमुळाइतक्या पट. म्हणून वर्गमुळानं पुन्हा भागायचं. तो अर्धा घात. एक आणि अर्धा, दीड. समजलं?"

"समजलं, मॅडम," मी म्हणालो. तीस वर्षांत मी कुणाला सर किंवा मॅडम म्हणालो होतो ते फक्त पगाराच्या कागदावर सही घेण्यासाठी. हे तोंडातून आपोआप आलं, आणि माझा ऊर इतका भरून आला की मी त्या फाटक्या पानावर उगीचच सूत्र लिहीत बसलो.

बाहेर आल्यावर ती मला जी बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. सेलू येईस्तोवर बोलत होती आणि मी गाडी हळू चालवत होतो. चौथ्या दिवशी कॉलेजातून फोन आला. तिची निवड झाली होती.

आता बस स्टँडवर कोणी भेटलं की मान पूर्वीपेक्षा जास्त ताठ असते. लोक विचारतात, नऊ जणांतून पोरगी कशी लागली? मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "बाप चुकला, अन् तिनं बापाचं ऐकलं नाई."